टिपण तपासताना आधी सही शोधा

आठ-दहा पानांचं धोरण टिपण कुणीतरी तुमच्याकडे पाठवतं आणि म्हणतं, "जरा नजर घाला, पुढच्या आठवड्यात साहेबांकडे द्यायचं आहे." पाठवणारी स्वयंसेवी संस्था असेल, जिल्हा परिषदेतला एखादा विभाग असेल किंवा विद्यापीठातला अभ्यासगट असेल. अशा वेळी बहुतेक जण पेन उचलतात आणि पहिल्या ओळीपासून दुरुस्त्या सुरू करतात. ऱ्हस्व-दीर्घ सुधारतं, लांब वाक्य तुटतं, एखादा तक्ता नीट बसतो. टिपण देखणं होऊन परत जातं, पण ते वाचून अधिकाऱ्याने नेमकं काय करायचं, हे कुणी विचारलेलंच नसतं.

म्हणून पहिल्या वाचनात पेन हातात घेऊ नका. फक्त पहिलं पान वाचा, कागद पालथा ठेवा आणि आठवणीतून तीन ओळी लिहा. हे टिपण कोणत्या पदावरच्या माणसासाठी आहे, त्याने कोणता निर्णय घ्यावा असं त्यात म्हटलं आहे, आणि तो निर्णय कधीपर्यंत व्हायला हवा. या तीन ओळी लिहिता आल्या नाहीत तर दोष तुमच्या आठवणीचा नाही. ज्याच्यासाठी टिपण लिहिलंय त्यालाही त्या सापडणार नाहीत, आणि त्याच्याकडे तुमच्याइतका वेळही नसेल.

पुढचं सगळं एका उदाहरणावर पाहू. उदाहरण कल्पित आहे आणि त्यातली गावांची संख्या मी सोयीसाठी धरली आहे, पण उन्हाळी टँकरांवरची अशी टिपणं मराठवाड्यात दरवर्षी लिहिली जातात. समजा, एका संस्थेने जिल्हाधिकाऱ्यांसाठी मसुदा केला आहे. शीर्षक आहे, 'तीव्र पाणीटंचाईवर शाश्वत उपाययोजना'. मसुदा म्हणतो की एका तालुक्यातल्या ४० गावांना सलग तीन उन्हाळे टँकर लागले, टंचाई वाढते आहे, महिलांचे हाल होतात, आणि म्हणून या सगळ्या गावांत नालाबांध, खोलीकरण आणि बांधबंदिस्तीचा मोठा कार्यक्रम घ्यावा.

वाचताना मसुद्यात चूक वाटत नाही. हाल खरे आहेत, गावं खरी आहेत. तरीही याच्या पहिल्याच परिच्छेदावर थांबायला हवं, कारण 'टँकर लागतो' ही समस्या म्हणून मांडली आहे. टँकर हे उत्तर आहे, आणि तेही सरकारी नियमांनुसार सर्वात शेवटचं. टंचाई कृती आराखड्यात त्याच्या आधी बरंच काही येतं: नळ योजनेची विशेष दुरुस्ती, तात्पुरती पूरक नळ योजना, नवी विंधन विहीर, जुन्या विहिरीतला गाळ काढणं, खासगी विहिरीचं अधिग्रहण. गावाला टँकर लागला याचा अर्थ हे सगळे उपाय कुठल्या ना कुठल्या कारणाने झाले नाहीत किंवा पुरले नाहीत. ते कारण गावागणिक वेगळं असतं, आणि मसुद्यात त्याचा मागमूस नाही.

इथे तपासणाऱ्याने एकच मागणी करायची: चाळीस गावांची यादी काढा आणि प्रत्येक गावापुढे टँकर का लागला ते एका ओळीत लिहा. माहिती तालुक्यातच मिळते. ग्रामपंचायतीचा ठराव आणि तहसीलदार व गटविकास अधिकाऱ्यांची संयुक्त पाहणी टँकरच्या प्रत्येक प्रस्तावामागे असते. ग्रामसेवकाला आणि पाणीपुरवठा विभागाच्या शाखा अभियंत्याला फोन केला की उरलेलं कळतं. समजा, यादी अशी निघाली. नऊ गावांत विहिरीला पाणी होतं, पण मोटर जळाली होती, वीजबिल थकून जोडणी तोडली होती किंवा जलवाहिनी फुटली होती. सतरा गावांत सार्वजनिक विहीर फेब्रुवारीतच तळाला गेली, कारण आजूबाजूच्या बागायतीच्या विहिरी आणि बोअर त्याच खडकातलं पाणी उपसत होते. आठ ठिकाणी वाड्या आणि तांडे पठारावर आहेत, त्यांना स्वतःचा स्रोतच नाही. उरलेल्या सहा गावांत जवळच पाण्याची खासगी विहीर होती, पण अधिग्रहणाचा प्रस्ताव वेळेत गेला नाही.

आता टिपणाचा विषयच बदलला. मोटर जळालेल्या गावाला नालाबांधाचा काही उपयोग नाही. अधिग्रहणाचा प्रस्ताव राहिलेल्या गावाला फक्त वेळेवर कागद हवा होता. 'टंचाई वाढते आहे' या वाक्याच्या जागी लेखकाने लिहायला हवं ते साधारण असं: 'या तालुक्यातल्या चाळीसपैकी पंधरा गावांत टँकर लागण्याचं कारण दुरुस्ती किंवा प्रस्ताव रखडणं हे आहे, सतरा गावांत शेतीच्या उपशामुळे पिण्याचा स्रोत आटतो, आणि आठ वस्त्यांना स्रोत नाही.' एवढ्या एका वाक्यावर जिल्हाधिकारी तीन वेगवेगळ्या लोकांना फोन लावू शकतात. समस्या स्पष्ट लिहिली आहे की नाही याची माझी कसोटी हीच आहे. ती वाचून कुणाला बोलवायचं ते कळलं पाहिजे. हाल, व्याकुळता, भीषणता हे शब्द खरे असले तरी त्यांनी हे कळत नाही.

पुराव्याकडे वळताना एक विभागणी मनाशी ठेवा. टिपणात तीन प्रकारची विधानं असतात. काय घडतंय, ते का घडतंय, आणि सुचवलेला उपाय इथे लागू पडेल का. कच्च्या मसुद्यात जवळजवळ सगळे आकडे पहिल्या प्रकाराला चिकटलेले असतात. पाऊस किती, लोकसंख्या किती, टँकर किती, सगळं तळटिपांसह. तिसऱ्या प्रश्नाला मात्र एखादी यशोगाथा जोडलेली असते. मसुद्याच्या समासात प्रत्येक आकड्यापुढे एक, दोन किंवा तीन असं लिहीत जा. पाच मिनिटांत चित्र उघडं पडतं. अधिकाऱ्याला टंचाई आहे हे पटवून द्यावं लागत नाही, तो उन्हाळाभर त्याच बैठका घेतो. त्याला तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हवं असतं.

पहिल्या प्रकारचे आकडेही डोळे झाकून स्वीकारू नयेत, पण त्यांची तपासणी सोपी असते. टँकरच्या पाण्याचं ठरलेलं प्रमाण माणशी रोज २० लिटर आहे. गावाची लोकसंख्या २,५०० असेल तर रोज ५०,००० लिटर लागतात, म्हणजे १०,००० लिटरच्या टँकरच्या पाच खेपा. मसुदा त्या गावापुढे दोन खेपा दाखवत असेल तर एक तर आकडा चुकला आहे, नाहीतर लोकांना माणशी आठ लिटरच मिळत आहेत. दुसरं खरं असेल तर ती या टिपणातली सर्वात महत्त्वाची गोष्ट आहे आणि ती परिशिष्टात पडून राहता कामा नये. टँकरची लॉगबुकं आणि जीपीएसच्या नोंदी यासाठीच असतात.

खरा कस लागतो तो उपायाच्या पुराव्यापाशी. मसुद्यात लिहिलंय की शेजारच्या तालुक्यात २४ टँकरग्रस्त गावांत जलसंधारणाची कामं झाली आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यातल्या १८ गावांना टँकर लागला नाही. चारात तीन गावं टँकरमुक्त म्हटल्यावर कुणीही खूश होईल. पण विचारा, त्याच तालुक्यातल्या ज्या टँकरग्रस्त गावांत काम झालं नाही, त्यांचं काय झालं? समजा, अशी ३० गावं होती आणि त्यातल्या २२ गावांनाही त्या उन्हाळ्यात टँकर लागला नाही. म्हणजे काम झालेल्या गावांत ७५ टक्के, न झालेल्या गावांत ७३ टक्के. कामांचा फायदा झालाच नाही असं यावरून सिद्ध होत नाही, पण हा आकडा कामांचा पुरावा म्हणून उभा राहू शकत नाही. तो बहुधा पावसाचा पुरावा आहे.

ही शंका केवळ पुस्तकी नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावं लागलं, इतका तो उन्हाळा भयंकर होता. त्याआधीचे दोन पावसाळे मराठवाड्यात तुटीचे गेले होते. २०१६ चा पावसाळा चांगला झाला आणि २०१७ च्या उन्हाळ्यात टँकर उतरले. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेलं जलयुक्त शिवार अभियान तेव्हा जोरात होतं, त्यामुळे उतरलेले टँकर म्हणजे अभियानाचं यश असं लिहिणं अगदी सोपं होतं. मग २०१८ चा पाऊस कमी झाला, ऑक्टोबरअखेर राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला आणि २०१९ मध्ये टँकर पुन्हा चढले. साडेनऊ हजार कोटी रुपयांहून अधिक खर्च झालेल्या या अभियानावर कॅगने २०२० मध्ये टीका केली, तेव्हा वाढलेल्या टँकरांचाही उल्लेख झाला. माझ्या मते २०१७ चा उतार जसा एकट्याने यश सिद्ध करत नव्हता, तसा २०१९ चा चढही एकट्याने अपयश सिद्ध करत नाही. पाऊस वेगळा काढल्याशिवाय दोन उन्हाळ्यांची तुलना करताच येत नाही.

पाऊस वेगळा कसा काढायचा? जिल्हा पातळीच्या टिपणासाठी अवघड गणिताची गरज नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते, आणि ऑक्टोबरमधली पातळी मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पुढच्या टंचाईचा अंदाज देते. लेखकाला सांगा की पावसाची दोन सारखी वर्षं निवडा, एक कामांच्या आधीचं आणि एक नंतरचं. दोन्ही वर्षांत ऑक्टोबर ते मे या काळात पातळी किती उतरली ते काम झालेल्या आणि न झालेल्या गावांत पाहा. विहिरी थोड्या असतात, त्यामुळे निष्कर्ष कच्चाच राहील. तसा तो लिहावा. 'फरक दिसतो, पण निरीक्षण विहिरी फक्त सहा आहेत' हे वाक्य टिपणाची किंमत वाढवतं, कारण अधिकाऱ्याला आपण किती भार कुठे टाकतोय ते समजतं.

यशोगाथेबद्दलही बोललं पाहिजे. पाण्यावरच्या मराठी टिपणात हिवरे बाजार आलं नाही असं क्वचित होतं, आणि यावं यात गैर काही नाही. प्रश्न असतो तो लेखकाने तिथून काय उचललं याचा. हिवरे बाजारने बांधबंदिस्ती आणि झाडं यांच्या जोडीला शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली, ऊस-केळीसारखी जास्त पाण्याची पिकं टाळली आणि दरवर्षी पावसाचा हिशेब मांडून पिकं ठरवण्याची पद्धत पाळली. मसुदा तिथला बांध दाखवतो आणि बंदी गाळतो. आपल्या सतरा गावांचा प्रश्न नेमका उपशाचा आहे. बेसॉल्टच्या खडकात पाणी भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरात साठतं, ते मर्यादित असतं. बांधामुळे जिरलेलं पाणी सार्वजनिक विहिरीपर्यंत पोचण्याआधी शेजारच्या बोअरने उपसलं तर मे महिन्यात विहीर कोरडीच राहील, फक्त बागायत वाढलेली दिसेल. तपासणाऱ्याने समासात लिहावं: 'उदाहरणातल्या गावाने पाळलेले नियम आपल्या गावांत आहेत का? नसतील तर हा पुरावा इथे लागू कसा?'

आता पर्याय. मसुद्यात तीन आहेत: टँकर जसे चालले आहेत तसे चालू ठेवणं, चाळीसही गावांत जलसंधारण, आणि बाहेरच्या खोऱ्यातून पाणी वळवून आणणं. पहिला कुणाला नको आहे आणि तिसरा जिल्हाधिकाऱ्यांच्या हातातला नाही. दोन नकली पर्यायांच्या मधोमध लेखकाने आपला आवडता पर्याय बसवला आहे. अशी मांडणी फार वेळा दिसते. तिला ओळखायची खूण म्हणजे प्रत्येक पर्यायाच्या बाजूने प्रामाणिकपणे भांडणारा एक तरी माणूस सापडतो का ते पाहणं. नाही सापडला तर तो पर्याय नव्हे.

प्रत्येक पर्यायाला चार प्रश्न लावा. सही कुणाची, पैसा कुठल्या शीर्षातून, गावात पाणी कधी दिसेल, आणि कोण दुखावेल. चौथा प्रश्न लेखकांना नकोसा वाटतो, पण अधिकारी सर्वात आधी तोच मनात धरतो. आपल्या उदाहरणात हे प्रश्न लावले की चित्र असं होतं. नऊ गावांची दुरुस्ती टंचाई निधीतून विशेष दुरुस्ती म्हणून घेता येते, पाणी काही आठवड्यांत दिसतं, कुणी दुखावत नाही. वीजबिलाचं मात्र तसं नाही. ग्रामपंचायतीकडे येणाऱ्या वित्त आयोगाच्या निधीवर जिल्हाधिकाऱ्यांची सही चालत नाही, तिथे ठराव गावाचाच लागतो. त्यामुळे 'थकबाकी भरावी' असं मोघम लिहून भागणार नाही, कुणी कशातून भरायची ते लिहिलं पाहिजे. सहा गावांच्या अधिग्रहणात विहीरमालक नाराज होतो, पण मोबदल्याची तरतूद असते आणि निर्णय पूर्णपणे महसूल यंत्रणेच्या हातात आहे.

सतरा गावांचं काम सर्वात कठीण. राज्याच्या भूजल कायद्यात सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत विनापरवानगी नवी विहीर घेण्यावर बंधन आहे. मसुद्यात या तरतुदीचा उल्लेखही नसणं ही मोठी उणीव आहे. पण 'कायद्याची कडक अंमलबजावणी करावी' एवढं लिहिणं हीसुद्धा उणीवच. पाच एकर मोसंबीवर कर्ज काढलेल्या शेतकऱ्याला कोण अडवणार, बोअरची गाडी रात्री येते तेव्हा तलाठ्याने काय करायचं, आधीच खोदलेल्या विहिरींचं काय, याची उत्तरं हवीत. कदाचित व्यवहार्य पर्याय असा निघेल: सतरापैकी तीन-चार गावांत आधी स्रोताभोवतीच्या विहिरींची मोजणी करायची, ग्रामसभेत त्या नकाशासह चर्चा घ्यायची, आणि जानेवारीनंतर जवळच्या एक-दोन विहिरी पिण्यासाठी राखून घ्यायच्या. हे मूळ मसुद्याइतकं भव्य दिसत नाही, पण यातलं पहिलं पाऊल या महिन्यात टाकता येतं. आठ वस्त्यांच्या बाबतीत टिपणाने सरळ मान्य करावं की यंदा टँकर लागणारच, आणि पाण्याच्या साठवण टाकीसह त्याचं नियोजन आधीपासून मागावं. काही ठिकाणी टँकर हाच योग्य पर्याय असतो हे लिहिण्याचं धाडस लेखकाकडे नसतं, ते तपासणाऱ्याने द्यावं.

उपयुक्ततेसाठी दोनच गोष्टी पाहा. पहिली, वेळ. टंचाई आराखडा ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांत होतो. टिपण मार्चअखेर पोचलं तर ते कितीही चांगलं असो, त्या उन्हाळ्याच्या कामाचं राहत नाही. दुसरी, पहिलं पान. त्यावर मागणी, कारण, खर्चाचा अंदाज आणि तारीख एवढंच असावं. मागे गावनिहाय तक्ता आणि शक्य असेल तर आदेशाचा मसुदा जोडावा. कामं व्यक्तींवर न टाकता पदांवर टाकलेली असावीत, कारण जिल्हाधिकारी बदलून जातात आणि नव्या अधिकाऱ्याच्या हाती तोच कागद पडतो. प्रस्तावना, संस्थेची ओळख, पाण्याचं महत्त्व हे सगळं पहिल्या पानावरून काढून टाकायला सांगा.

अभिप्राय लिहिताना तीस सूचना देऊ नका. लेखक सोप्या पंचवीस करतो आणि अवघड पाच राहून जातात. या मसुद्यावर मी चारच लिहीन. एक, गावनिहाय कारणांचा तक्ता करून समस्या पुन्हा लिहा. दोन, २४ गावांच्या आकड्याशेजारी काम न झालेल्या गावांचा आकडा द्या, किंवा तो दावा काढा. तीन, तिसरा पर्याय काढून भूजल कायद्याचा पर्याय घाला आणि कोण दुखावेल ते लिहा. चार, पहिल्या पानावर मागणी एका वाक्यात आणि तारखेसह द्या. प्रत्येक सूचनेबरोबर ती कुठल्या पानासाठी आहे आणि ती न केल्यास अधिकारी बैठकीत काय विचारेल हेही लिहा. 'पुरावा कमकुवत वाटतो' असा शेरा वाचून लेखक गोंधळतो. 'काम न झालेल्या गावांचं काय झालं, असं साहेबांनी विचारलं तर?' हे वाचून तो कामाला लागतो. भाषेच्या दुरुस्त्या हव्यातच, पण त्या दुसऱ्या फेरीत. पुढच्या मसुद्यात निम्मे परिच्छेद राहणारच नसतात.

आणि लेखक या चार दुरुस्त्या करू शकला नाही तर? गावनिहाय तक्ता नसलेलं टिपण पुढे पाठवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. बाकी तीन उणिवांसह टिपण एकवेळ चालेल, त्या मान्य करून लिहिता येतात. पण कारणंच माहीत नसताना चाळीस गावांना एक उपाय सुचवणारा कागद मंजूर झाला, तर मोटर जळालेल्या गावात बांध होईल आणि टँकरही येत राहील. असं टिपण तुमच्या टेबलावर आलं तर ते ऑक्टोबरमध्येच परत पाठवा, म्हणजे जानेवारीच्या टप्प्याआधी लेखकाला गावं फिरायला वेळ मिळेल.